मेंटेनन्सची थकबाकी: तुमचा आकडा कसा तपासायचा आणि ३१ मार्चच्या आत कसा भरायचा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या बिलाची मुदत ३१ जानेवारीला संपली. ज्यांच्या नावे अजून रक्कम बाकी आहे, त्यांना ही सूचना बिलाच्या प्रतीसह मिळते आहे. दोन ओळींची "त्वरित भरणा करावा" अशी चिठ्ठी काढून भागलं असतं, पण दरवर्षी तेच होतं. चिठ्ठी लागते, चार जण कार्यालयात येऊन "आमची बाकी कशी काय?" असं विचारतात आणि हिशोब उलगडून सांगता सांगता मार्च उजाडतो. म्हणून या वेळी सगळं एकदाच सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडची बरीचशी थकबाकी पैसे द्यायचेच नाहीत म्हणून झालेली नाही, हे खातेवही बघताना स्पष्ट दिसतं. कुणी दर तिमाहीला आपोआप पैसे पाठवण्याची सूचना बँकेला दिली आहे, पण ती जुन्याच रकमेची राहिली आहे. कुणी पैसे भरलेत, पण ते कोणत्या सदनिकेचे हे आम्हाला कळलेलं नाही. कुणाचा बिलातल्या एखाद्या रकमेवर आक्षेप आहे, म्हणून त्यांनी सगळंच बिल अडवून ठेवलंय. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. तेव्हा पैसे पाठवण्याआधी तुमचं प्रकरण यांतलं कोणतं आहे ते बघा.

पहिली पायरी: बिलावरचे तीन आकडे वेगळे करा

बिलाच्या तळाशी "एकूण देय" म्हणून मोठा आकडा असतो आणि बहुतेकांची नजर तिथेच जाते. तो आकडा तीन रकमांचा बनलेला असतो: मागील मुद्दल बाकी, त्यावरचं व्याज आणि चालू तिमाहीची आकारणी. आधी चालू आकारणी तपासा. समजा तुमची दोन बेडरूमची सदनिका आहे आणि एका गाडीची जागा आहे, तर तिमाहीचं बिल साधारण असं दिसेल:

- सेवा शुल्क (सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातली व आवारातली वीज, कार्यालय): ६,३०० रुपये
- पाणी: १,०५० रुपये
- लिफ्ट: ७५० रुपये
- दुरुस्ती निधी: २,२५० रुपये
- सिंकिंग फंड: ७५० रुपये
- पार्किंग: ४५० रुपये

एकूण ११,५५० रुपये, म्हणजे महिन्याला ३,८५०.

सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या सदनिकांना सारखाच असतो, मग घर लहान असो की मोठं, तळमजल्यावर असो की सातव्या. पाण्याची आकारणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर होते. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चावर काढतात, जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात बांधकाम खर्च १२ लाख धरला आहे. त्याचे ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ९,००० आणि तिमाहीला २,२५०. तुमचा आकडा शेजाऱ्यापेक्षा वेगळा असेल, तर बहुधा या दोन ओळींमुळे किंवा पार्किंगमुळे.

मालमत्ता कर या बिलात नाही. पुण्यात आपण तो प्रत्येक जण महापालिकेकडे स्वतंत्र भरतो. मुंबईतल्या अनेक सोसायट्यांमध्ये तो सोसायटीमार्फत भरला जातो, त्यामुळे तिथून आलेले सभासद "बिलात टॅक्स आला का?" असं हमखास विचारतात. नाही आला, तो तुम्हालाच भरायचा आहे.

घर भाड्याने दिलं असेल तर आणखी एक ओळ येते, नॉन-ऑक्युपन्सीची. शासनाच्या २००१ सालच्या आदेशानुसार ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आपल्या उदाहरणात ६,३०० चे १० टक्के म्हणजे तिमाहीला ६३० रुपये. संपूर्ण बिलाच्या १० टक्के नव्हे. घरात तुमचे आईवडील, मुलगा, विवाहित मुलगी किंवा सख्खा भाऊ राहत असेल तर ही आकारणी लागत नाही. अशा कुणाच्या बिलात ती चुकून आली असेल तर एक अर्ज द्या, लागली त्या तारखेपासून काढून टाकू.

दुसरी पायरी: बाकी कुठून आली ते शोधा

"अहो, माझं तर बँकेतून आपोआप जातं, एकही हप्ता चुकलेला नाही, मग थकबाकी कसली?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळतो, आणि विचारणारा खोटं बोलत नसतो. म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

गेल्या वर्षीपर्यंत वरच्या सदनिकेचं तिमाही बिल १०,५०० होतं. सर्वसाधारण सभेत वाढ मंजूर झाली आणि १ एप्रिलपासून ते ११,५५० झालं. जुलैपासून घर भाड्याने गेलं, त्याचे ६३० मिळून बिल १२,१८० झालं. मालकांनी बँकेत दिलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन मात्र १०,५०० चीच राहिली आणि दर तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या २५ तारखेला तेवढेच पैसे येत राहिले.

व्याजाचा आपला दर सभेने वर्षाला १२ टक्के, सरळ व्याज असा ठरवला आहे. म्हणजे महिन्याला एक टक्का. ते फक्त मुद्दलावर लागतं, व्याजावर व्याज नाही. मुदत उलटल्यावर जेवढे महिने पूर्ण झाले तेवढ्यांचंच धरतो. आलेली रक्कम आधी व्याजात, मग जुन्या मुद्दलात आणि उरलेली चालू बिलात जमा होते. आता तक्ता बघा:

| तिमाही | चालू बिल | मागील मुद्दल व व्याज | भरले | उरलेली बाकी |
|---|---|---|---|---|
| एप्रिल–जून | ११,५५० | – | १०,५०० | १,०५० |
| जुलै–सप्टेंबर | १२,१८० | १,०५० + २१ | १०,५०० | २,७५१ |
| ऑक्टोबर–डिसेंबर | १२,१८० | २,७५१ + ५५ | १०,५०० | ४,४८६ |
| जानेवारी–मार्च | १२,१८० | ४,४८६ + ९० | १०,५०० | ६,२५६ |

जुलैच्या बिलातले २१ रुपये म्हणजे १,०५० वर मे आणि जून या दोन महिन्यांचं व्याज. पुढच्या ओळीही अशाच वाचायच्या. वर्षभराचं व्याज मिळून १६६ रुपये झालंय, म्हणजे बाकी व्याजामुळे फुगलेली नाही. ती जवळजवळ सगळी जुन्या आणि नव्या बिलातल्या फरकाची आहे. या मालकांनी फेब्रुवारी संपण्याआधी भरले तर ६,२५६ च भरावे लागतील. मार्च संपू दिला तर दोन महिन्यांचे १२५ वाढून ६,३८१ होतील.

पण निव्वळ ६,२५६ भरून काम संपत नाही. स्टँडिंग इन्स्ट्रक्शनची रक्कम १२,१८० केली नाही, तर एप्रिलमध्ये पुन्हा १,६८० ची तूट सुरू होईल. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये चालू सूचनेची रक्कम बदलता येत नाही, जुनी रद्द करून नवी द्यावी लागते. नवी देताना शेवटची तारीखही बघून घ्या. ती संपली की पैसे येणं गुपचूप थांबतं आणि आपल्याला दोन तिमाह्यांनी कळतं.

तुमचा स्वतःचा असा तक्ता हवा असेल तर कार्यालयातून खातेउतारा मागून घ्या. १ एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी त्यात असतात. बँकेचा उतारा शेजारी ठेवून एकेका जमेवर खूण करत जा. तुमच्या बँकेतून गेलेली एखादी रक्कम आमच्या उताऱ्यात नसेल, तर तिसऱ्या पायरीकडे या.

तिसरी पायरी: भरलेले पण नाव न लागलेले पैसे

सोसायटीच्या खात्यात अशा काही रकमा पडून आहेत ज्यांचा धनी सापडलेला नाही. बँकेच्या उताऱ्यात आम्हाला पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम आणि एक संदर्भ क्रमांक दिसतो, सदनिका क्रमांक नाही. मुलाने दुसऱ्या शहरातून स्वतःच्या खात्यातून पाठवले, भाडेकरूने परस्पर भरले, पत्नीच्या माहेरच्या आडनावाच्या खात्यातून गेले, की आमच्यासाठी तो माणूस अनोळखी असतो. रकमेवरून अंदाज बांधता येत नाही, कारण ११,५५० चं बिल एकाच मजल्यावर तिघांना असतं. अंदाजाने एकाच्या खात्यात टाकले आणि ते दुसऱ्याचे निघाले, तर दोघांचेही हिशोब बिघडतात. म्हणून आम्ही ते वेगळ्या खात्यात ठेवतो, आणि तोवर तुमच्या बिलात थकबाकी दिसत राहते.

असं झालं असेल तर कार्यालयाच्या ईमेलवर चार गोष्टी कळवा: सदनिका क्रमांक, रक्कम, भरल्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो. आयएमपीएस आणि यूपीआयचा १२ आकडी असतो. यूपीआय ॲपमध्ये ॲपचा स्वतःचाही एक लांबलचक क्रमांक दिसतो, तो आमच्या बँकेत सापडत नाही. १२ आकडीच पाठवा. नुसता "पेमेंट सक्सेसफुल"चा हिरवा स्क्रीनशॉट पाठवाल तर क्रमांक विचारायला आम्हाला तुम्हाला पुन्हा फोन करावा लागेल. खरी तारीख पटली की रक्कम त्याच तारखेने जमा धरतो आणि मधल्या काळात लागलेलं व्याज उलटवतो.

पुढच्या वेळी ही भानगडच नको असेल, तर पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात सदनिका आणि तिमाही लिहा. अनेक बँका आडवी रेघ, तिरकी रेघ असली चिन्हं स्वीकारत नाहीत, म्हणून सलग लिहिलेलं बरं:

```
B304JANMAR
```

चौथी पायरी: भरायचे कसे

सोसायटीचा खाते क्रमांक आणि आयएफएससी बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला आहे. तोच धरा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ग्रुपवर टाकलेला फोटो वापरू नका. सहकारी बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलतात आणि जुना कोड चालेनासा झाला की पैसे परत येतात. कधी लगेच येतात, कधी दुसऱ्या दिवशी, तोवर मुदत टळलेली असते.

नेट बँकिंगने एनईएफटी करणं मला सर्वांत पसंत आहे. ते २०१९ च्या डिसेंबरपासून रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीही चालतं. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचं नाव बघता येतं. तिथे आपल्या सोसायटीचं पूर्ण नाव येतंय का ते वाचा, मगच पुढे जा. यूपीआयही चालेल, फक्त लॉबीतल्या क्यूआर कोडवर कुणी दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे स्क्रीनवर उमटणाऱ्या नावावरून तपासा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण एक लाख असते. जुनी बाकी त्याहून मोठी असेल तर एनईएफटीच करा.

चेक देणाऱ्यांनी सोसायटीचं नाव बिलावर छापल्याप्रमाणे पूर्ण लिहावं, चेक क्रॉस करावा आणि मागे सदनिका क्रमांक व मोबाइल क्रमांक लिहावा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. आपण चेक कार्यालयात दिल्याची तारीख धरतो, पण तो वटला तरच. परत आला तर बँकेचा खर्च तुमच्या खात्यात पडतो आणि मूळ मुदतीपासून व्याज सुरू होतं. ३० मार्चला पेटीत टाकलेला चेक ३१ मार्चच्या बँक उताऱ्यात दिसणार नाही, म्हणून चेक २५ मार्चपर्यंत द्यावेत ही विनंती. रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही नाही.

परदेशात राहणाऱ्या सभासदांनी भारतातल्या एनआरओ किंवा एनआरई खात्यातून एनईएफटी करावी. तिकडच्या बँकेतून थेट पाठवलेली रक्कम मधल्या शुल्कांमुळे कमी होऊन पोचते आणि पुन्हा तीच किरकोळ बाकी राहते.

एकदम भरणं जमत नसेल, किंवा आक्षेप असेल

अडचण सगळ्यांनाच येते. लेखी अर्ज द्या, किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना भरणार ते लिहा, समिती त्यावर निर्णय घेऊन कळवेल. हप्ते चालू असताना उरलेल्या मुद्दलावर व्याज चालूच राहतं. व्याज माफ करण्याचा अधिकार मला नाही, समितीलाही नाही. तो विषय सर्वसाधारण सभेपुढेच न्यावा लागतो. तेव्हा "तेवढं व्याज बघा की हो" असं जिन्यात थांबवून सांगू नका, मला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणणं जड जातं.

आक्षेपाचं प्रकरण वेगळं. वरच्या मजल्यावरून छत गळतंय, पार्किंगची आकारणी चुकली आहे, ठेकेदाराचं काम पटलेलं नाही, अशा कारणांनी काही सभासदांनी पूर्ण बिल थांबवलं आहे. गळतीची तक्रार खरी असू शकते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे, पण तिच्यामुळे सेवा शुल्क देणं थांबत नाही. छत गळत असलं तरी रखवालदाराचा पगार दर महिन्याला होतो आणि लिफ्टच्या कंपनीला पैसे द्यावे लागतात. वाद नसलेली रक्कम भरा. वादातल्या रकमेबाबत कोणती ओळ, किती रुपये आणि का, हे लेखी द्या. पुढे व्याज नको असेल तर तीही "हरकत कायम ठेवून" असं पत्रात लिहून भरून टाका. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर पुढच्या बिलात वळती होईल.

मुदतीनंतर काय होतं

बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर उपविधींप्रमाणे सभासद थकबाकीदार ठरतो. त्याला समितीची निवडणूक लढवता येत नाही. घर विकायचं झालं तर हस्तांतराच्या अर्जासोबत सगळी बाकी चुकती करावी लागते, आणि घेणाऱ्याचा वकील ती आधी विचारतोच.

त्यानंतर स्मरणपत्र, मग वसुलीची नोटीस. तरीही रक्कम आली नाही, तर समिती ठराव करून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे अर्ज करते. पूर्वी हे कलम १०१ खाली व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. उपनिबंधक दोन्ही बाजूंचं ऐकतात, खातेउतारा आणि ठराव तपासतात. मागणी बरोबर ठरली तर वसुली दाखला देतात. त्या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते, म्हणजे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर मागणीच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे सगळं सोसायटीलाही खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, त्यामुळे समिती ते हौसेने करत नाही. पण वर्षभराहून जुन्या बाकीबाबत ते करणं भाग आहे, कारण लेखापरीक्षक दरवर्षी तोच शेरा मारतात.

कुणाचंही पाणी तोडणार नाही, लिफ्ट बंद करणार नाही, पाहुण्यांना फाटकावर अडवणार नाही. तशी मागणी काही सभासदांनीच सभेत केली होती. ती मान्य करण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी तोडलं तर वसुलीच्या प्रकरणात उलट सोसायटीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

भरल्यानंतर

पैसे जमा झाल्यापासून सात दिवसांत पावती ईमेलवर येईल, ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांना कार्यालयातून मिळेल. पावतीवर तुमचा सदनिका क्रमांक आणि किती रक्कम व्याजात, किती मुद्दलात गेली हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. सात दिवसांत पावती आली नाही, तर पैसे बहुधा नाव न लागलेल्या जमेत पडले आहेत असं समजून संदर्भ क्रमांक पाठवा. ३१ मार्चला वर्षाची खाती बंद होतील. तोपर्यंत ओळख पटलेल्या रकमाच तुमच्या नावे दिसतील. त्यानंतर पटलेल्या नोंदी पुढच्या वर्षाच्या खात्यात येतील आणि वार्षिक थकबाकीच्या यादीत तुमचं नाव विनाकारण राहील.

कार्यालयाची वेळ बिलावर छापलेली आहे. मार्चमधल्या दर शनिवारी संध्याकाळी मी स्वतः खातेवही घेऊन बसणार आहे. येताना बिल आणि बँकेचा उतारा सोबत आणा.

आपला,
खजिनदार